रवानगी आणि पैवस्ती

मराठेशाहीच्या दप्तरांतील जुनी पत्रे वाचावयास बसलेल्या माणसाला मजकुराइतकीच महत्त्वाची वाटू लागते ती कागदावर निराळ्या हाताने केलेली एक लहानशी नोंद. पत्र कोणत्या दिवशी लिहिले ते पत्रातच, बहुधा अखेरीस, 'छ' म्हणजे चंद्र या खुणेने मुसलमानी महिन्यासह दिलेले असते. परंतु ते पत्र जासुदाच्या कमरेला राहून, नद्या-घाट ओलांडून ज्याच्या हाती पडावयाचे त्याच्या हाती ज्या दिवशी पडले, तो दिवस पत्र घेणाराचा कारकून स्वतंत्रपणे टिपून ठेवी, आणि त्या नोंदीला 'पैवस्ती' असे नाव होते. निघणे ही एक घटना आणि पोचणे ही दुसरी, दोहोंच्या मध्ये वाट आहे, वाटेवर रात्र आहे, आणि म्हणून दोहोंची तारीख वेगळी लिहिली पाहिजे, ही समजूत त्या काळच्या साध्या कारकुनाच्याही हाडीमाशी खिळलेली होती. पुढे इतिहाससंशोधकांनी ही पत्रे छापावयास घेतली तेव्हा अनेक पत्रांत चंद्र आहे पण वर्षाचा उल्लेख नाही असे आढळले, आणि घटनांचा अनुक्रम लावताना ज्या खुणांचा त्यांना आधार घ्यावा लागला, त्यांत ही पैवस्तीची नोंद एक होती.

आजच्या घरगुती संदेशातून ही नोंद नाहीशी झाली आहे. संदेश लिहिला त्याच क्षणी पोचतो, म्हणून संदेशाच्या पैवस्तीचा प्रश्न उरला नाही. परंतु संदेशात ज्या माणसाविषयी लिहिलेले असते ते माणूस अजूनही गाडीत बसूनच येते, आणि त्याची रवानगी व त्याची पैवस्ती यांच्यामध्ये अजूनही एक रात्र पडते. या एका रात्रीचा हिशेब एका ओळीत चुकला म्हणजे काय होते, हे प्रस्तुत प्रकरणात एका गोष्टीच्या आधारे पाहावयाचे आहे. गोष्ट कल्पून मांडली आहे, माणसे कोणा एका घरची नाहीत. परंतु गाडी, स्थानक, तिकीट आणि भाषा ही सारी खरी आहेत, आणि चूक ज्या वाटेने झाली ती वाट वाचकांपैकी पुष्कळांच्या पायाखालची असेल.

एक ओळ

सोलापुरातील एका घरी धाकटा भाऊ राहतो. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल-चादरींच्या एका कारखान्यात तो पाळीने काम करतो, आणि त्याची सकाळची पाळी सात वाजता सुरू होते. थोरली बहीण लग्न होऊन मुंबईस दादरला आहे. त्यांची आत्या, वडिलांच्या मागे घरात उरलेले एकच वडीलधारे माणूस, बहिणीच्या घराजवळ राहते; आणि डिसेंबरात मंगळवेढ्याकडच्या शिवारात ज्वारीची कणसे दुधात आली की तिला माहेरच्या हुरड्याची आठवण होते. त्या वर्षी बहिणीने मनावर घेतले, तिकीट काढले, आणि नऊ तारखेच्या संध्याकाळी भावाला मोबाइलवर एक ओळ पाठवली:

'आत्या १२ ला सिद्धेश्वरने येतेय. स्टेशनवर जा.'

भावाने उत्तर दिले, 'हो.'

येथपर्यंत कोणाचीही चूक नाही असेच कोणी म्हणेल. भावाने दुसऱ्या दिवशी कारखान्यातील एका सहकाऱ्याला विनवले, की बारा तारखेची माझी सकाळची पाळी तू घे, तेरा तारखेची तुझी मी भरून देईन. बारा तारखेस पहाटे उठून, थंडीत मफलर गुंडाळून तो स्थानकावर गेला, फलाटाचे तिकीट काढले, आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेस फलाटाला लागली तेव्हा आत्याचा डबा कोणता हे ठाऊक नसल्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. डबे रिकामे झाले. हमाल पांगले. ही गाडी सोलापुरातच संपते, पुढे जात नाही, तेव्हा आत्या झोपेत पुढच्या गावी गेली असेल ही शक्यता नव्हती. परंतु मागच्या गावी, दौंडला किंवा कुर्डुवाडीला, अंधारात 'आले सोलापूर' असे समजून ती उतरली असेल ही शक्यता होती, आणि त्या शक्यतेने त्याच्या पोटात गोळा आला. आत्याचा फोन बंद होता. ती रात्री फोन बंद करून उशाशी ठेवते आणि पूजा झाल्यावर चालू करते. बहिणीचा फोन वाजत राहिला. त्याने चौकशीच्या खिडकीवर जाऊन आत्याच्या नावाचा पुकारा करावयास लावला, आणि पुकारा ओसाड फलाटावर दोनदा घुमला.

आठच्या सुमारास बहिणीचा फोन आला.

"ताई, आत्या उतरलीच नाही गाडीतून!"

"उतरेल कशी? ती आज रात्री बसणार आहे. घरी आहे ती, पूजा करतेय."

"तू बारा लिहिलंयस."

"मग बाराच आहे की! तिकिटावरही बाराच आहे. बघ पाहिजे तर."

दोघांचेही खरे होते. आणि दोघांचेही खरे असले म्हणजे भांडण जसे लांबते तसे तेही लांबले. तासाभराच्या धास्तीनंतर सुटका झाल्यावर माणसाला जो राग येतो तो भावाला आला, आणि बिनचूक लिहूनही दोष आपल्यावर येतो आहे असे वाटल्यावर जो येतो तो बहिणीला. "कळत नव्हतं तर विचारायचं," असे ती म्हणाली. "न कळायला काय होतं, कळलंच होतं की," असे तो म्हणाला, आणि या त्याच्या वाक्यातच साऱ्या प्रकरणाचे मर्म होते. संदिग्ध वाक्य वाचणाऱ्याला संदिग्ध वाटत नाही. त्याला त्यात एकच अर्थ दिसतो, तो स्वच्छ दिसतो, आणि म्हणूनच तो काही विचारीत नाही.

वाक्याचे दोन मुक्काम

आता ती ओळ पुन्हा वाचून पाहू. तिच्यात क्रियापद आहे 'येतेय'. बहीण मुंबईत आहे. तिच्या घराकडून पाहिले तर आत्या येत नाही, जाते आहे. तरीही ती 'आत्या सोलापूरला जातेय' असे लिहीत नाही, कारण मराठीत आपण ज्याच्याशी बोलतो त्याच्या ठिकाणाकडे होणाऱ्या गमनाला 'येणे' म्हणावयाची रीत आहे. 'मी उद्या तुझ्याकडे येते' असे आपण म्हणतो, 'जाते' म्हणत नाही. या रीतीत एक सौजन्य आहे. बोलणारा क्षणभर आपले घर सोडून ऐकणाऱ्याच्या उंबरठ्यावर उभा राहतो आणि तेथून जग पाहतो. बहिणीने क्रियापद लिहिताना हेच केले. ती मनाने सोलापुरात, भावाच्या दारात उभी राहिली.

परंतु तारीख लिहिताना ती तेथे नव्हती. तारीख तिने आपल्या दारातून लिहिली. बारा तारीख हा तिच्या दृष्टीने मोठ्या धांदलीचा दिवस होता: त्या दिवशी आत्याची पिशवी भरावयाची, औषधांची डबी आठवणीने ठेवावयाची, रात्री रिक्षा करून दादर स्थानकावर जावयाचे, बाकाखाली सामान सरकवून गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहावयाचे. आत्याच्या प्रवासातील जो भाग तिच्या अंगावर होता तो सगळा बारा तारखेस होता. पुढच्या सकाळी सोलापुरास काय घडेल तो भाग तिच्या कामाच्या यादीत नव्हता, म्हणून तिच्या वाक्यातही आला नाही. अशा रीतीने एकाच वाक्यातील क्रियापद सोलापुरात मुक्कामाला होते आणि तारीख मुंबईत. भावाला क्रियापद दिसले. ते आपल्या दारातले आहे हे त्याने अचूक ओळखले. आणि मग तारीखही आपल्या दारातलीच असणार असे त्याने धरले. कोणताही सुबुद्ध वाचक हेच धरील.

'येणे' या क्रियापदाचा आणखी एक स्वभाव येथे आड आला. 'निघणे' हे क्रियापद प्रवासाच्या आरंभाला चिकटलेले आहे आणि 'पोचणे' हे शेवटाला. 'येणे' मात्र आरंभापासून शेवटापर्यंत पसरलेले आहे. 'निघतेय' असे लिहिले असते तर बारा तारीख दादरला जाऊन बसली असती. 'पोचतेय' लिहिले असते तर ती चूक आहे हे बहिणीच्याच ध्यानात आले असते. 'येतेय' या शब्दाला बारा तारीखही चालते आणि तेरा तारीखही चालते, आणि तक्रार न करता तो दोन्हींना जागा देतो. बोलताना याची अडचण पडत नाही, कारण समोरचा माणूस लागलीच 'म्हणजे कधी पोचेल?' असे विचारतो. लिहिताना तो समोर नसतो.

हाच चांगुलपणा 'ला' या प्रत्ययातही आहे. मराठी व्याकरणात तो द्वितीया आणि चतुर्थी या दोन विभक्तींत सांगितलेला असतो, परंतु व्यवहारात तो काळही दाखवतो, आणि तोही दोन प्रकारचा: 'बाराला ये' म्हणजे बारा वाजता ये, आणि बारा तारखेला ये. आपल्या गोष्टीत गाडीचे नाव लिहिलेले असल्यामुळे हा दुसरा घोटाळा टळला, कारण सिद्धेश्वर सकाळी येते हे सोलापुरात कोणालाही ठाऊक आहे. गाडीचे नाव नसते आणि संदेश बारा तारखेच्या रात्री आला असता, तर आत्याला सकाळपासून दुपारी बारापर्यंत फलाटावर बसून राहावे लागले असते.

तिकिटावरची तारीख

बहिणीने पुरावा म्हणून तिकिटाचे नाव घेतले होते, तेव्हा तिकीट काय सांगते ते पाहिले पाहिजे. रेल्वेच्या तिकिटावरील प्रवासाची तारीख ही प्रवासी ज्या स्थानकावर चढतो त्या स्थानकावरून गाडी सुटण्याची तारीख असते. आरक्षण झाल्यावर मोबाइलवर जो संदेश येतो त्यात `DOJ` या अक्षरांपुढे हीच तारीख असते, `DP` या अक्षरांपुढे सुटण्याची वेळ असते, आणि सोलापूर हे `SUR` या तीन अक्षरांत असते. पोचण्याची तारीख आणि वेळ या संदेशात नसते. ती तिकिटाच्या पूर्ण कागदावर छापलेली असते, सुटण्याची एका बाजूस आणि पोचण्याची दुसऱ्या बाजूस, अगदी रवानगी आणि पैवस्ती यांसारखी. बहिणीने कागद उघडून पाहिला नव्हता. संदेशावरून तारीख घेतली होती.

या व्यवस्थेचा एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. मुंबईहून सोलापुराकडे येणारी सिद्धेश्वर, क्रमांक १२११५, रात्री साडेदहानंतर मुंबई सोडते आणि बोरघाट चढून मध्यरात्र उलटून गेल्यावर पुण्यास येते. बारा तारखेस रात्री दादरला चढणाऱ्या आत्याच्या तिकिटावर १२ असते. त्याच गाडीत, त्याच डब्यात, तिच्या समोरच्या बाकावर पुण्यास येऊन निजणाऱ्या माणसाच्या तिकिटावर १३ असते. आणि दोघेही सोलापुरास उतरतात ते एकाच वेळी, तेरा तारखेच्या सकाळी. म्हणजे एकाच गाडीने, एकाच क्षणी, एकाच फलाटावर पाऊल ठेवणाऱ्या दोन माणसांना घ्यावयास आलेल्या दोन घरच्या मंडळींना तिकिटावरून दोन वेगळ्या तारखा कळवल्या गेलेल्या असू शकतात, आणि दोन्ही तारखा बिनचूक असू शकतात.

भावाच्या चुकीचे मूळ येथेच सापडते. त्याचे मामा पुण्यास असतात, आणि ते आले म्हणजे एकतर संध्याकाळी पुणे सोडून त्याच रात्री सोलापुरास पोचणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसने येतात, नाहीतर मध्यरात्रीनंतर याच सिद्धेश्वरमध्ये चढतात. दोन्ही वेळा तिकिटावरची तारीख आणि उतरण्याची तारीख एकच. वर्षानुवर्षे पाहुणे पुण्याहून येत राहिल्यामुळे 'सांगितलेली तारीख ती पोचण्याची तारीख' हा नियम त्याच्या मनात इतका मुरला होता, की तो नियम केवळ पुण्यापुरता खरा आहे आणि घाटाच्या पलीकडे लागू पडत नाही, हे त्याला कधी तपासून पाहण्याचे कारणच पडले नव्हते. बहिणीचा अनुभव याच्या नेमका उलट. दादरहून रात्री निघणाऱ्याला निघण्याची तारीख हीच प्रवासाची तारीख. एका आईबापांची ही दोन मुले तारखेच्या बाबतीत दोन वेगळ्या स्थानकांवर वाढली होती.

रात्र कोणत्या दिवसाची

यामागे आणखी जुने असे एक कारण आहे. दिवस कोठे संपतो याविषयी आपल्याकडे एकवाक्यता कधीच नव्हती. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून पहाटे तीनचा प्रहर हा आदल्याच वाराचा उत्तररात्रीचा भाग. पेशव्यांच्या पत्रांत येणारा मुसलमानी चंद्र सूर्यास्ताला बदलतो, म्हणून तेथे रात्र ही पुढच्या दिवसाची. आणि घड्याळाची इंग्रजी तारीख, जी रेल्वेने धरली आहे, ती मध्यरात्रीला बदलते, म्हणजे रात्रीचे दोन तुकडे करून एक मागच्या दिवसाला आणि एक पुढच्या दिवसाला देते. ज्या शहरातून दाते पंचांग महाराष्ट्रभर जाते त्या सोलापुरात भिंतीवर पंचांगाचा दिवस आणि खिशातल्या मोबाइलवर रेल्वेचा दिवस असे दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात, कारण दिवसाउजेडी त्यांच्यात भांडण नाही. ते उभे राहते फक्त रात्री, आणि आपल्या लांबच्या गाड्या तर बहुतेक रात्रीच्या.

बोलीभाषेने या बाबतीत पंचांगाची बाजू घेतलेली आहे. 'शनिवारी रात्री दोन वाजता' असे आपण म्हणतो तेव्हा घड्याळाप्रमाणे तो रविवार असतो, तरी आपल्या लेखी झोपून उठल्याशिवाय दिवस बदलत नाही. येथेच प्रवाशांची एक फसगत ठरलेली आहे: तेरा तारखेच्या शून्य वाजून वीस मिनिटांची गाडी धरावयाची म्हणजे बारा तारखेस रात्री जेवून घराबाहेर पडावयाचे, हे ध्यानात न आल्यामुळे माणूस तेरा तारखेच्या रात्री सामानसुमानासह स्थानकावर हजर होतो, आणि त्याची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. यावर तोडगा सोपा आहे. रात्रीच्या प्रवासाविषयी लिहिताना एक तारीख कधीही पुरत नाही. दोन लागतात, आणि प्रत्येकीपुढे गावाचे नाव लागते.

जागा होती

दोन तारखा लिहिण्याने संदेश लांबतो, आणि मोबाइलवरच्या लेखनाला थोडक्यात लिहिण्याची सवय आरंभापासून जडलेली आहे, ही गोष्ट खरी. साध्या एसेमेसमध्ये मजकुराला ११२० बिट एवढी जागा असते. रोमन अक्षर ७ बिटांत मावते, म्हणून तेथे १६० अक्षरे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून आपल्या वाट्याला ७० चिन्हे येतात, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हे सारे स्वतंत्रपणे मोजले जातात. 'त्या' हे आपल्याला एक अक्षर वाटते. यंत्राच्या हिशेबी ती चार चिन्हे आहेत. मराठी माणसाने एसेमेस लिहिताना शब्द गाळावयास शिकले याला हे एक कारण आहे, आणि पुढे ही मर्यादा नसलेली साधने हाती आली तरी हाताची सवय गेली नाही.

तथापि बहिणीची ओळ मोजून पाहावी. मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून तिच्यात ४४ चिन्हे भरतात. तिच्यापुढे '१३ ला सकाळी पोचेल.' एवढे जोडले, तर आधीची मोकळी जागा धरून १९ चिन्हे वाढतात आणि बेरीज ६३ होते. ७० च्या जुन्या, तंग मर्यादेतही हे वाक्य बसले असते आणि सात चिन्हे शिल्लक राहिली असती. याचा अर्थ संदेश अपुरा राहिला तो जागेच्या अभावी नव्हे. लिहिणाराला जे ठाऊक असते ते त्याला कागदावरही दिसते. आत्या रात्री बसणार हे बहिणीच्या डोळ्यांसमोर इतके स्पष्ट होते, की ते आपण लिहिलेले नाही हे तिला दिसलेच नाही.

आणि दुसऱ्या बाजूने भावाचे 'हो' पाहावे. या 'हो'ने काय कबूल केले? स्थानकावर जाण्याचे काम कबूल केले. तारखेचा अर्थ काय घेतला याविषयी त्या एका अक्षराने काहीच सांगितले नाही. ज्या खात्याच्या गाडीवरून हा घोळ झाला त्या रेल्वेत अशा 'हो'वर काम चालत नाही. एका स्थानकाने पुढच्या स्थानकाकडे गाडी सोडण्यापूर्वी दोन स्टेशनमास्तर आपापसांत गाडीचा क्रमांक बोलतात आणि संमतीची खूण म्हणून एक खासगी क्रमांक देऊन तो दप्तरी लिहून घेतात. नुसत्या होकारावर गाडी पुढे जात नाही. भावाने 'हो' ऐवजी 'हो, १२ ला सकाळी स्टेशनवर जातो' एवढे लिहिले असते, तर बहिणीने त्याच मिनिटाला 'अरे, १२ ला नाही, १३ ला' असे कळवले असते. समजलेला अर्थ आपल्या शब्दांत परत पाठवला म्हणजेच चूक उघडी पडते. होकाराखाली ती झाकून राहते.

फलाटाचे तिकीट

गोष्ट अजून संपलेली नाही. तेरा तारखेस आत्या खरोखरच आली, परंतु त्या सकाळी भावाला सहकाऱ्याची पाळी भरून द्यावयाची होती. दिलेला शब्द मोडता येत नव्हता आणि दुसरा बदली माणूस मिळाला नाही. त्याच्या बायकोला मुलांच्या शाळेची घाई, म्हणून तिने शेजारच्या मुलाला रिक्षा घेऊन पाठवले. आत्या त्या अनोळखी मुलाबरोबर घरी आली, हातपाय धुऊन बसली, चहा घेतला, आणि काही बोलली नाही. माहेरच्या स्थानकावर आपल्याला घ्यावयास भाचा आला नाही, भावाच्या मागे आता कोण येणार, एवढेच तिने मनाशी म्हटले असावे. आदल्या दिवशीच्या भांडणाची तिला कल्पना नव्हती. बहिणीने ओशाळून सांगितले नाही आणि भावाने तोंडदेखली सबब वाटेल म्हणून सांगितले नाही. एका ओळीतल्या गाळलेल्या तीन शब्दांचा बोजा अशा रीतीने जिने ती ओळ लिहिलीही नव्हती आणि वाचलीही नव्हती तिच्यावर येऊन पडला.

संध्याकाळी कपडे भिजत घालण्यापूर्वी आत्या जुन्या सवयीने खिसे चाचपून पाहत होती. भाच्याच्या सदऱ्याच्या खिशात घडी पडलेला एक कागद निघाला. तिने तो चष्म्याजवळ धरला.

"हे कसलं रे तिकीट?"

"फलाटाचं आहे, आत्या."

"बारा तारखेचं? सकाळी सहा एकवीसचं?" तिने वर पाहिले. "काल कशाला गेलतास स्टेशनात?"

"तुला आणायला."

आत्या थोडा वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आज मी म्हटलं, यायचं मनात नव्हतं तुझ्या."

"आलतो की आत्या. एक दिवस आधीच आलतो."

तिने कागद पुसून, सरळ करून देवघरातल्या पोथीखाली ठेवला. दोन तासांपुरता चालणारा तो तुकडा, परंतु कोणते स्थानक, कोणती तारीख, किती वाजता, हे तिन्ही त्यावर छापलेले होते. आणि जे सांगताना भावाची जीभ रेटत नव्हती ते त्या छापील ओळीने निर्विवादपणे सांगितले.

सोळा तारखेस आत्या परत निघाली. त्या दुपारी भावाने बहिणीला लिहिले, 'आत्या आज १६ ला रात्री सोलापूरहून सिद्धेश्वरने निघेल. १७ ला सकाळी दादरला पोचेल.' थोड्या वेळाने उत्तर आले, 'हो. १७ ला सकाळी दादर. मी जाते.' रात्री गाडी हलेपर्यंत तो खिडकीशी उभा राहिला. शेंगाचटणीचा डबा आणि हुरड्याची पिशवी आत्याच्या पायाशी होती. दुसऱ्या सकाळी तो पाळीवर जाण्यासाठी घराबाहेर पडत असताना मोबाइल वाजला. बहिणीचा एकच शब्द होता, 'पोचली.'

पेशव्यांच्या दप्तरातला कारकून हीच नोंद 'पैवस्ती' म्हणून करीत असे.